रिकामा त्रिकोण: ‘गो’मधला चांगला आणि वाईट आकार

गो या खेळाचे नियम पाच मिनिटांत सांगून होतात. पटावर 19 उभ्या आणि 19 आडव्या रेघा असतात. एकाकडे काळ्या सोंगट्या, दुसऱ्याकडे पांढऱ्या. सुरुवात काळ्याची, आणि मग आळीपाळीने प्रत्येकाने एकेक सोंगटी ठेवायची. सोंगटी चौकोनात नव्हे, तर दोन रेघा जिथे छेदतात त्या बिंदूवर बसते आणि एकदा बसली की जागची हलत नाही. तिच्या वर, खाली, डावीकडे आणि उजवीकडे जे मोकळे बिंदू असतात त्यांना आपण तिचे ‘श्वास’ म्हणू. पटाच्या मध्यावरच्या एकट्या सोंगटीला असे चार श्वास असतात. शत्रूने ते सगळे व्यापले की सोंगटी पटावरून उचलली जाते. एकमेकींना रेघेने लागून असलेल्या एका रंगाच्या सोंगट्यांचे श्वास सामाईक असतात. त्या एकत्र जगतात आणि एकत्रच मरतात. शेवटी ज्याने जास्त प्रदेश वेढला तो जिंकला.

बुद्धिबळात चुकीच्या घरात गेलेला घोडा पुढच्या चालीत परत आणता येतो. इथे ती सोय नाही, म्हणून सोंगट्या एकमेकींच्या संदर्भात कशा बसल्या आहेत याला फार महत्त्व येते. जपानी खेळाडू याला ‘काताची’ म्हणतात, म्हणजे आकार. जपानचे व्यावसायिक खेळाडू कागेयामा तोशिरो यांनी खेळाच्या मूलतत्त्वांवर लिहिलेल्या पुस्तकात चांगल्या-वाईट आकाराला स्वतंत्र प्रकरण दिले आहे. नवशिक्याला सर्वात आधी ओळखावा लागणारा वाईट आकार म्हणजे रिकामा त्रिकोण, जपानीत ‘आकी सांकाकु’.

तीन सोंगट्या, सात श्वास

```
· · · · ·        · · · ·
· ● ● ● ·        · ● · ·
· · · · ·        · ● ● ·
                 · · · ·
```

डावीकडे तीन सोंगट्या एका रेघेत आहेत. उजवीकडे त्याच तीन काटकोनात वळल्या आहेत आणि चौकडीतला चौथा बिंदू मोकळा आहे. हाच रिकामा त्रिकोण.

आता श्वास मोजा. रेघेतल्या तिघींना आठ मिळतात: वर तीन, खाली तीन आणि दोन टोकांना एकेक. त्रिकोणाला मात्र सातच, कारण काटकोनाच्या आतला बिंदू एकाच वेळी दोन सोंगट्यांना लागून आहे आणि मोजताना तो एकदाच धरला जातो. दोन जोडलेल्या सोंगट्यांचे श्वास सहा असतात. तिसरी सरळ ठेवली तर दोन श्वास वाढतात, वळवून ठेवली तर एकच. त्याच मोकळ्या बिंदूवर चौथी सोंगटी ठेवून चौकोन पूर्ण केला तर श्वास आठ होतात. म्हणजे चार सोंगट्या खर्चून जे हाती येते ते रेघेतल्या तीन सोंगट्यांना आधीच मिळालेले होते. अशा गचडीला जपानी लोक ‘दांगो’ म्हणतात. दांगो म्हणजे तांदळाच्या पिठाचे गोळे.

तरीही एका श्वासाचा तोटा हा दुय्यम आहे. खरे नुकसान कळण्यासाठी त्रिकोणातली कोपऱ्याची सोंगटी काढून पाहू.

```
· · · ·
· ● × ·
· × ● ·
· · · ·
```

उरलेल्या दोन सोंगट्या तिरक्या आहेत, रेघेने जोडलेल्या नाहीत. पण त्यांना तोडणार कसे? त्यांना जोडू शकणारे बिंदू दोन आहेत, इथे × ने दाखवलेले. पांढऱ्याने एक घेतला की काळा दुसरा घेतो आणि जोड पक्की होते. दोन्ही बिंदू एका चालीत घेणे पांढऱ्याला शक्य नाही. म्हणजे या सोंगट्या न जोडताही जोडलेल्याच आहेत. अशा वेळी काळ्याने आपणहून एका × वर सोंगटी ठेवली तर रिकामा त्रिकोण तयार होतो. ती चाल म्हणजे कुलूप लावलेल्या दाराला आणखी एक कुलूप. तेवढ्या वेळात पांढरा दुसरीकडे एक चाल पुढे जातो.

याच कारणाने पांढऱ्याने आधी एका × वर सोंगटी ठेवली आणि काळ्याने दुसऱ्या × वर उत्तर दिले तर त्यात काही वाईट नाही. काळ्याच्या सोंगट्या तशाच काटकोनात बसतात, पण चौथ्या बिंदूवर शत्रू आहे. त्रिकोण आहे, रिकामा नाही. तिथली काळी सोंगटी खरा धोका टाळते, म्हणून ती वाया गेलेली नाही.

न जोडता जोडलेले

चांगले आकार याच हिशेबातून येतात. नवशिक्याला दोन उपयोगी पडतील.

```
· · · · ·        · · · · ·
· ● × ● ·        · · ● · ·
· ● × ● ·        · ● × ● ·
· · · · ·        · · · · ·
```

डावीकडचा आकार बांबूचा सांधा. दोन जोड्यांच्या मध्ये दोन मोकळे बिंदू आहेत. पांढऱ्याने एकात घुसावे तर काळा दुसरा भरून दोन्ही जोड्या जोडतो. सोंगट्या पसरलेल्या राहतात आणि तरी पक्क्या. एका बाबतीत मात्र जपावे लागते. चारी बाजूंनी शत्रू असेल आणि एखाद्या जोडीचे श्वास संपत आले असतील, तर पांढरा एका × वर येताना त्याच चालीत त्या जोडीला पकडण्याची धमकी देऊ शकतो. मग एकच चाल दोन ठिकाणी लागते आणि सांधा निखळतो.

उजवीकडचा आकार वाघाचा जबडा. × वर पांढरी सोंगटी आली तर तिला खालचा एकच श्वास उरतो आणि पुढच्या चालीत काळा ती उचलतो. पण पांढऱ्याने आधी × च्या खालचा बिंदू घेतला तर? आता × वर येणारी पांढरी सोंगटी उचलता येणार नाही आणि ती दोन्ही बाजूंच्या तिरक्या जोडांवर एकदमच घाव घालेल. म्हणून काळ्याला × भरावा लागतो आणि चांगल्या आकाराचे ढेकूळ होते. आपला आकार राखणे आणि शत्रूचा बिघडवणे या दोन्ही गोष्टी एकाच मोक्याच्या बिंदूवर येऊन मिळतात त्या अशा.

चार सोंगट्यांचा सर्वात नावाजलेला आकार पोन्नुकी. शत्रूची एकटी सोंगटी चारी बाजूंनी घेरून उचलली की तो उरतो.

```
· · · · ·
· · ● · ·
· ● · ● ·
· · ● · ·
· · · · ·
```

चौकोनातल्या चार सोंगट्यांना आठ श्वास होते, इथे नऊ आहेत. शिवाय मधल्या मोकळ्या जागेमुळे हा गट सहजासहजी मरत नाही आणि चारी दिशांना त्याचा दबाव राहतो. ‘पोन्नुकी तीस गुणांची’ अशी गोमध्ये म्हणच आहे. ती पटाच्या मध्याला लागू पडते. कडेला तो दबाव निम्म्या दिशांना वाया जातो.

एक झटापट, चाल-चाल

आता हा हिशेब लढाईत कसा चालतो ते पाहू. काळ्या दोन आणि पांढऱ्या दोन सोंगट्या शेजारी उभ्या आहेत.

```
· · · · · ·
· · × · · ·
· ● ○ · · ·
· ● ○ · · ·
· · · · · ·
```

खेळी पांढऱ्याची असती तर तो × वर सरळ वाढला असता. तीन सोंगट्या, सहा श्वास आणि मध्याकडे मोकळी वाट. पण खेळी काळ्याची आहे आणि तो × वर, पांढऱ्या जोडीच्या डोक्यावरच बसतो. पांढऱ्याचे श्वास चारावरून तीन होतात आणि सरळ वाट बंद होते. आता पांढऱ्याने उजवीकडे वळावे तर असे होते:

```
· · · · · ·
· · ● · · ·
· ● ○ ○ · ·
· ● ○ · · ·
· · · · · ·
```

वळलेल्या पांढऱ्या सोंगट्यांच्या आतला बिंदू मोकळा आहे, म्हणजे रिकामा त्रिकोण. सरळ वाढून सहा श्वास मिळाले असते, तेवढीच सोंगटी खर्चून इथे चार मिळाले. काळ्याने पुढची सोंगटी आपल्या वरच्या सोंगटीच्या उजवीकडे ठेवली की तीनच राहतात आणि पुन्हा डोक्यावर काळी भिंत. पांढरा अजून मेलेला नाही, पण प्रत्येक चालीला एक पाऊल मागे पडतो.

काळ्याने बिंदू निवडताना एवढेच पाहिले की सरळ वाढण्याची जागा आपण घेतली तर शत्रूला वाकडे वळावे लागेल. ‘दोघांच्या डोक्यावर बसा’ हा गोमधला जुना सल्ला म्हणूनच आहे. त्यातही धोका आहे. काळ्याची वरची सोंगटी डावीकडच्या जोडीशी तिरकी आहे आणि मधल्या दोन जोडबिंदूंपैकी एकावर पांढरा आधीच बसलेला आहे. दुसऱ्यावर येऊन तो तोडू शकतो. आसपास पांढऱ्याचे बळ असेल तर ही चाल घेण्याआधी काळ्याला त्या तोडीचे उत्तर ठरवून ठेवावे लागते.

त्रिकोण बरोबर ठरतो तेव्हा

रिकामा त्रिकोण कधीच खेळू नये असे मात्र नाही. जपानी गोमध्ये ‘गुझुमी’ नावाची एक चाल आहे. ती दिसायला रिकामा त्रिकोणच असते, पण नेमकी आणि जोरकस ठरते. तिने शत्रूची एखादी सोंगटी उचलली जाते, किंवा त्याचे दोन गट तुटतात, किंवा त्याच्या गटाला जगायला लागणारी जागा जाते. तिथे एक श्वास कमी पडल्याची किंमत सहज वसूल होते. खूण सोपी आहे: चालीनंतर शत्रूला लगेच उत्तर द्यावेच लागते का? द्यावे लागत असेल तर त्रिकोणाने काम केले. तो पाठ फिरवून दुसरीकडे खेळू शकत असेल तर सोंगटी वाया गेली.

शिकताना 9 रेघांचा छोटा पट घ्या. सोंगटी ठेवण्याआधी त्या बिंदूभोवतालच्या चार-चार बिंदूंच्या चौकड्या पाहा. आपल्या तीन आणि चौथा मोकळा असा मेळ होणार असेल तर हात थांबवा आणि विचारा: मी इथे खेळलो नाही तर शत्रू माझे काय बिघडवेल? उत्तर ‘काहीच नाही’ असेल तर ती चाल सोडा आणि एक बिंदू सोडून पुढे उडी घ्या, शत्रूच्या डोक्यावर जा किंवा पटाचा मोकळा भाग गाठा. उत्तर ‘बरेच काही’ असेल, तर त्याच जागेचे रक्षण वाघाच्या जबड्याने किंवा बांबूच्या सांध्याने होते का ते पाहा. होत नसेल, तर त्रिकोण खेळा. तिथे तोच बरोबर आहे.