तीस सेकंदांची शीळ

स्पीकर घ्यायला गेलं की दुकानदार आधी गाणं लावतो, आणि ते त्या स्पीकरला शोभेल असंच निवडलेलं असतं. गाण्यावरून स्पीकर पारखता येत नाही. डग्ग्याचा घुमारा, गायकाचा गळा, झांजांची किणकिण हे सगळं त्यात एकदम वाजत असतं. मधला एखादा पट्टा स्पीकरने गिळला तरी बाकीच्या गलक्यात ते कानाच्या लक्षात येत नाही. दोष पकडायचा तर एका वेळी एकच शुद्ध स्वर हवा, आणि तो अगदी खालपासून वरपर्यंत न तुटता चढत जायला हवा. अशा चढत्या शिळेला स्वीप म्हणतात. ती घरच्या लॅपटॉपवर फुकट बनवता येते.

स्वराची उंची हर्ट्झमध्ये, म्हणजे सेकंदाला होणाऱ्या कंपनांत मोजतात. पेटीवरची मधल्या सप्तकातली काळी एक साधारण २७७ हर्ट्झची. तिच्या वरच्या सप्तकातली दुप्पट, खालच्या सप्तकातली निम्मी. माणसाच्या कानाचा पल्ला पुस्तकात २० ते २०,००० हर्ट्झ असा दिलेला असतो, म्हणजे जवळजवळ दहा सप्तकं.

दुपटीचा हा हिशेब स्वीप बनवतानाही पाळावा लागतो. तीस सेकंदांत दर क्षणी सारखेच हर्ट्झ वाढवत नेले, तर २० ते २०० हा खर्जाचा सगळा भाग पाव सेकंदात उरकतो आणि शेवटच्या एका सप्तकावर पंधरा सेकंद जातात. म्हणून प्रत्येक सप्तकाला सारखाच वेळ द्यायचा. मग वाचायलाही सोपं होतं: दर दहा सेकंदांनी आकडा दहापट. सुरुवातीला २०, दहाव्या सेकंदाला २००, विसाव्याला २,०००, तिसाव्याला २०,०००. घड्याळाकडे पाहून स्वर कुठे पोचला ते सांगता येतं.

ऑडॅसिटी या मोफत प्रोग्रॅममध्ये `Generate` मेनूत `Chirp` आहे. तिथे तरंगाचा प्रकार `Sine` ठेवायचा, सुरुवात २०, शेवट २००००, आवाजाची पातळी दोन्हीकडे ०.२५, वाढीचा प्रकार `Logarithmic` आणि अवधी ३० सेकंद. कमांड टाइप करायची सवय असेल त्यांना सॉक्सची एक ओळ पुरते:

```
sox -n -r 48000 -b 16 sweep.wav synth 30 sine 20/20000 gain -12 fade t 0.1 30 0.1
```

यातला `/` सप्तकाला सारखा वेळ देतो आणि `fade` दोन्ही टोकं हळुवार करतो. फाइल WAV हीच ठेवावी. एमपीथ्री का नको, ते पुढे येईलच.

वाजवण्याआधी एक पथ्य. आवाजाची पातळी १,००० हर्ट्झच्या स्वरावर, बोलण्याइतकी ठरवायची आणि मग नॉबला हात लावायचा नाही. वरचे स्वर ऐकू येईनासे झाले की आवाज वाढवायचा मोह होतो, आणि ट्वीटर जळतात ते तिथेच. गाण्यात फार उंच स्वरांचा जोर थोडा असतो, त्या बेतानेच ट्वीटरची तार बारीक ठेवलेली असते. सलग शुद्ध स्वराचा मोठा मारा तिला सोसत नाही. कानालाही तो सोसत नाही. ऐकू येत नाही म्हणजे इजा होत नाही, असं नसतं.

आता दहा बाय बाराची खोली घ्या. छोटे स्पीकर एका भिंतीशी, बसायची खुर्ची खोलीच्या मधोमध. पहिले दोनतीन सेकंद काहीच नाही, किंवा नुसती फडफड. त्यात स्पीकरचा दोष असेलच असं नाही, कारण २० हर्ट्झचा स्वर जेमतेम ऐकू यायलाही १,००० हर्ट्झच्या मानाने सत्तरेक डेसिबल जास्त जोर लागतो. इथे एक फसवणूकही होते. छोटा स्पीकर ३० हर्ट्झ देऊ शकत नाही, पण धडपडताना त्याच्या दुपटीतिपटीचे स्वर बाहेर टाकतो, आणि आपण म्हणतो, वा, काय खर्ज आहे! शहानिशा सोपी आहे. ३० आणि ६० असे दोन वेगळे स्वर बनवून पाठोपाठ वाजवा. एक सप्तकाचा फरक जाणवला नाही, तर पहिल्या वेळीही कानावर ६०च पडत होता.

चौथ्या सेकंदाच्या आसपास आवाज खचतो आणि लगेच सावरतो. खुर्ची भिंतीशी नेली की तिथेच तो दणकून वाढतो. हे खोलीचं काम. बारा फुटांच्या दोन भिंतींमध्ये ४७ हर्ट्झची अर्धी लहर नेमकी बसते. तिचा दाब भिंतींशी सर्वांत जास्त आणि मधोमध जवळजवळ शून्य असतो. याला महागडा स्पीकर हा उपाय नाही. खुर्ची दोनतीन फूट मागेपुढे सरकवली की बराच फरक पडतो.

मग आठव्या सेकंदाला खरखर. वरच्या नियमाने तो स्वर साधारण १२६ हर्ट्झचा. ऑडॅसिटीच्या `Tone` मध्ये १२६चा स्थिर स्वर बनवून सलग वाजत ठेवायचा आणि हाताने शोध घ्यायचा. शोकेसच्या काचेवर तळवा टेकवताच खरखर थांबली, तर स्पीकर निर्दोष. स्पीकर दुसऱ्या खोलीत नेल्यावरही ती सोबत गेली, तर मात्र सैल स्क्रू, आतली तार किंवा शंकूची सुटलेली कड बघावी लागते.

याच फाइलने कान तपासायचा तर खोली वगळायला हवी, म्हणजे तारेचे हेडफोन घ्यायचे. ब्लूटूथमध्ये आवाज दाबून पाठवला जातो, आणि माइक चालू होऊन ते फोनकॉलच्या पद्धतीत गेले तर वरचे स्वर सरळ कापले जातात. एमपीथ्रीचंही तेच: १२८ केबीपीएसची फाइल साधारण १६,०००च्या वरचं टाकूनच देते. अशी फाइल ऐकून आपला कान सोळा हजारांवर थांबतो म्हणणारा प्रत्यक्षात फाइलचीच मर्यादा मोजत असतो.

वरच्या टोकाला सरकत्या शिळेपेक्षा १०,०००, १२,०००, १४,००० असे सुटे स्वर बरे, कारण शीळ नेमकी कधी मावळली हे सांगता येत नाही. स्वराची सुरुवात हळुवार केलेली हवी. एकदम सुरू झालेल्या स्वराला ‘टक्’ असा आवाज येतो, त्यात सगळ्या उंचीचे स्वर असतात, आणि तो ऐकून माणूस मला १८,००० ऐकू आलं म्हणून हात वर करतो. शीळ चढायच्या ऐवजी खाली उतरताना ऐकू आली, तर ते कानाचं कौतुक नव्हे. फाइल किंवा यंत्र बिघडलेलं आहे.

जुन्या डब्बा टीव्हीने ही चाचणी घरोघरी नकळत घेतली होती. दूरदर्शनच्या पद्धतीत सेकंदाला २५ चित्रं, प्रत्येकात ६२५ रेषा, गुणाकार १५,६२५. तेवढ्याच हर्ट्झची बारीक शीळ टीव्हीच्या पोटातून येत असे. शेजारच्या खोलीतली मुलं टीव्ही लागला हे आवाज बंद असतानाही ओळखत, आजोबांना मात्र समोर बसून ती ऐकू येत नसे. उंच स्वर टिपणाऱ्या पेशी कानातल्या शंखाच्या तोंडाशीच असतात आणि वयाबरोबर आधी त्याच झिजतात. पन्नाशीत बारातेरा हजारांच्या पुढे काही ऐकू आलं नाही तर त्यात नवल नाही, आणि बोलणं समजायला तेवढ्या उंचीची गरजही नसते. दवाखान्यातली नेहमीची श्रवणचाचणी २५० ते ८,००० हर्ट्झमध्येच होते.

घरच्या चाचणीत पाहायचं ते दोन कानांतलं अंतर. हेडफोन उलटे घालून तोच स्वर पुन्हा ऐका. कमीपणा बाजू बदलून दुसऱ्या कानाला गेला तर दोष हेडफोनचा. त्याच कानाकडे राहिला तर कानाच्या डॉक्टरांना दाखवा. ढोलपथकात किंवा कारखान्यात वर्षं काढलेल्यांनी ४,०००च्या आसपासचे स्वर जास्त लक्ष देऊन ऐकावेत. मोठ्या आवाजाने झालेली इजा आधी तिथे उमटते, आणि ‘स’, ‘श’, ‘फ’ ही अक्षरं ओळखायला मदत करणारा पट्टाही तिथलाच आहे.