फाटकापर्यंत पोहोचेतो बारा व्होल्टचं काय होतं

वसई तालुक्यातल्या चांदीपसारख्या गावात घराला अंगण असतं, अंगणापुढे वाडी आणि वाडीच्या टोकाला फाटक. फाटकाच्या कमानीवर एलईडी पट्टी लावायची हौस गणपतीच्या आधी हमखास येते. पट्टी विकत मिळते, बारा व्होल्टचा ड्रायव्हर मिळतो, ड्रायव्हर घरात कोरड्या जागी ठेवायचा आणि तिथून वायर फाटकापर्यंत न्यायची, इतकं साधं काम वाटतं. संध्याकाळी बटण दाबल्यावर मात्र पट्टी जेमतेम उजळते. पट्टी आणि ड्रायव्हर दोन्ही चांगले असतात. दोष मधल्या वीस मीटर वायरीत असतो.

वायर निवडताना वायरमनचा पहिला प्रश्न असतो, "किती अँपिअर ओढणार?" आपली पट्टी समजा पाच मीटर लांब आहे आणि मीटरमागे 9.6 वॉट घेते. म्हणजे एकूण 48 वॉट. बारा व्होल्टवर चार अँपिअर. "मग एकची वायर बस झाली, काका. चार अँपिअर ती सहज घेते." हे उत्तर खरं आहे. एक चौरस मिलिमीटरची चांगली तांब्याची वायर चार अँपिअरने तापत नाही. पण हा हिशेब फक्त वायर जळेल की नाही हे सांगतो. पट्टीपाशी किती व्होल्ट शिल्लक राहतील, हे त्यातून कळत नाही. घरातल्या 230 व्होल्टच्या वायरिंगमध्ये हा दुसरा प्रश्न सहसा विचारावा लागत नाही, कारण तिथे वाटेत तीन व्होल्ट गेले तरी ते दीड टक्क्याच्याही आत असतात. बारातले तीन गेले तर पाव हिस्सा गेला. कमी व्होल्टेजवर वायरीची जाडी अंतर ठरवतं, तापणं नव्हे.

आता हे तीन व्होल्ट कुठे जातात ते पाहू. तांबं वीज उत्तम वाहून नेतं, तरी त्याला थोडा रोध असतोच. एकच्या लवचिक वायरीला मीटरमागे साधारण 0.02 ओहम रोध धरावा. वायर जाड झाली की त्याच प्रमाणात तो कमी होतो: अडीचच्या वायरीला 0.008, चारच्या वायरीला 0.005. घर ते फाटक अंतर वीस मीटर असलं तरी वीज एका तारेने जाते आणि दुसरीने परत येते, म्हणून लांबी चाळीस मीटर मोजायची. हा दुपटीचा आकडा फार जण विसरतात आणि त्यांचा हिशेब निम्म्यावर येतो. चाळीस गुणिले 0.02 म्हणजे 0.8 ओहम. त्यातून चार अँपिअर गेले की 3.2 व्होल्ट वायरीतच खर्ची पडतात. पट्टीला उरतात 8.8.

मीटर लावून पाहिलं तर फाटकापाशी आकडा मात्र 10.3 च्या आसपास दिसेल, आणि "हिशेब चुकला, प्रत्यक्षात बरंच बरं आहे" असा समज होईल. तसं नाही. बारा व्होल्टच्या पांढऱ्या पट्टीत तीन-तीन एलईडी एकामागे एक जोडलेले असतात आणि त्यांच्याबरोबर एक लहानसा रोधक असतो. पट्टीवर जिथे कापायची खूण असते, तिथे असा एकेक तुकडा संपतो. ते तीन एलईडी मिळून साडेआठ-नऊ व्होल्ट आपल्याकडे ठेवतात. उरलेले तीन-साडेतीन रोधकावर येतात, आणि तुकड्यातून किती वीज वाहील हे त्या उरलेल्या व्होल्टवर ठरतं. बाराचे साडेदहा झाले तर एलईडींचा वाटा फारसा कमी होत नाही. सगळी तूट रोधकाच्या वाट्याला येते, त्याच्याकडचे साडेतीन एकदम दोनवर येतात. वीज त्या प्रमाणात घटते, आणि उजेडही.

म्हणून आपल्या उदाहरणात असं घडतं: वायरीत व्होल्ट पडतात, त्यामुळे पट्टी कमी वीज घेते, कमी वीज वाहिल्याने वायरीत पडणारे व्होल्टही थोडे कमी होतात, आणि गाडं दोन अँपिअरच्या जरा वर स्थिरावतं. मीटर 10.3 दाखवतो. व्होल्टेज सातव्या हिश्श्याने पडलं, पण पट्टीतली वीज जवळजवळ निम्मी झाली. एलईडी पट्टीच्या बाबतीत मला हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. व्होल्टची तूट लहान दिसते, उजेडाची तूट तिच्या कितीतरी पट असते.

रंगीत पट्टीत हीच तूट रंगातून दिसते. लाल एलईडीला सुमारे दोन व्होल्ट पुरतात, हिरव्या-निळ्याला तीनच्या आसपास लागतात. व्होल्टेज पडलं की हिरवा आणि निळा आधी मंदावतात, लाल टिकून राहतो. ड्रायव्हरजवळ पांढरा दिसणारा उजेड लांबच्या टोकाला तांबूस दिसू लागला तर पट्टी बदलू नका, वायर तपासा.

तपासायची रीतही सोपी आहे, फक्त एक खबरदारी हवी. पट्टी सोडवून वायरीच्या मोकळ्या टोकाला मीटर लावला तर तो पूर्ण बारा दाखवेल, कारण वीज वाहतच नसेल तर व्होल्ट पडणार कुठे? वायर निर्दोष असल्याचा दाखला इथेच चुकीचा मिळतो. पट्टी पूर्ण उजेडात चालू ठेवून तीन जागी मोजावं: ड्रायव्हरच्या टर्मिनलवर, पट्टीच्या सुरुवातीला आणि पट्टीच्या शेवटी. पहिल्या दोन आकड्यांतला फरक वायरीचा आणि सांध्यांचा. दुसऱ्या-तिसऱ्यातला फरक पट्टीच्या आतल्या तांब्याचा. तो पातळ पत्रा असतो, आणि बारा व्होल्टच्या पाच मीटर पट्टीत शेवटच्या टोकाला त्यामुळेही चांगली घट येऊ शकते. त्यावर उपाय म्हणजे पट्टीला एका टोकाऐवजी दोन्ही टोकांना किंवा बरोबर मध्यावर वीज देणं. पण बाहेरची वायरच बारीक असेल तर याने काही साधत नाही. आधी वायर, मग पट्टी.

वायर जाड केली तर? अडीचची घेतली तर चाळीस मीटरचा रोध 0.32 ओहम. स्थिरावल्यावर पट्टीला सुमारे तीन अँपिअर मिळतील, म्हणजे पाऊण उजेड. चारची घेतली तर साधारण चार पंचमांश. एवढं महाग तांबं घालूनही बारा व्होल्टवर वीस मीटरचं अंतर पूर्ण भरून निघत नाही. इथे जाडी वाढवत राहण्यापेक्षा व्होल्टेज वाढवावं.

तीच 48 वॉटची पट्टी चोवीस व्होल्टची घेतली की वीज चारऐवजी दोन अँपिअर लागते. वीज निम्मी म्हणून वायरीत पडणारे व्होल्ट निम्मे. आणि ते बाराऐवजी चोवीसातून जायचे, म्हणून तोट्याचं प्रमाण थेट चौथ्या हिश्श्यावर येतं. अडीचच्या वायरीत 0.64 व्होल्ट, तीन टक्क्यांच्या आत. पट्टीला नव्वद टक्क्यांहून जास्त वीज मिळते आणि डोळ्यांना फरक कळत नाही. दीडची वायरही साडेचार टक्क्यांपर्यंतच जाते; शोभेच्या उजेडाला ती चालून जाते. 1915 मध्ये टाटांनी खोपोलीची जलविद्युत मुंबईत आणली ती एक लाख व्होल्टच्या आसपासच्या दाबाने, त्यामागे हेच गणित होतं. शक्ती तीच ठेवून दाब वाढवला की वीज कमी लागते आणि तारेतला तोटा वर्गाच्या प्रमाणात घटतो. एक मात्र ध्यानात ठेवायचं: बाराच्या पट्टीला चोवीसचा ड्रायव्हर लावला तर ती जळते. पट्टी आणि ड्रायव्हर दोन्ही बदलावे लागतात. 48 वॉटच्या पट्टीला साठ वॉटचा ड्रायव्हर घ्यावा, म्हणजे तो सतत कमाल ताणावर राहणार नाही.

फाटक साठ-सत्तर मीटर लांब असेल तर चोवीस व्होल्टही कमी पडतं. मग 230 व्होल्टच फाटकापर्यंत नेऊन ड्रायव्हर तिथे बसवणं हा मार्ग उरतो. वायरीतला तोटा जवळपास नाहीसा होतो, पण कोकणातल्या पावसात उघड्यावर 230 व्होल्ट नेणं हे वेगळंच काम आहे: जमिनीखालून आर्मर्ड केबल, पाणी न शिरणारा ड्रायव्हर, अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, यातलं काही वगळता येत नाही. ते परवानाधारक वायरमननेच करावं. वीस-पंचवीस मीटरपर्यंत मी चोवीस व्होल्टच निवडेन. चिखलात पाय असताना त्या वायरीला हात लागला तर जिवाला धोका जवळपास नसतो.

काही जण तिसरा मार्ग काढतात. जाळीदार पत्र्याच्या एसएमपीएसवर टर्मिनलशेजारी एक बारीक पेच असतो, तो फिरवून बाराचे तेरा व्होल्ट करतात. अर्धा-पाऊण व्होल्टची तूट यातून निघते. पण त्याच एसएमपीएसवर ओटीवरची पट्टीही जोडलेली असेल, तर तिला ते वाढीव व्होल्ट पूर्ण मिळतात. रोधकावर ज्या हिशेबाने वीज घटत होती, त्याच हिशेबाने ती आता वाढते. ती पट्टी तापते आणि काही महिन्यांत पिवळी पडते. लांबच्या वायरीचा इलाज जवळच्या पट्टीच्या जिवावर करू नये.

दुकानात वायर घेताना आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. सुटी जुळी वायर अजून 23/36, 40/36 अशा नावांनी मागतात. पहिला आकडा धाग्यांचा, दुसरा धाग्याच्या जाडीचा. 23/36 म्हणजे पाऊण चौरस मिलिमीटरहूनही थोडी कमी, 40/36 म्हणजे एकच्या थोडी वर. लाल-काळ्या आवरणाची जाडी पाहून फसू नये, आत तांबं किती आहे ते विचारावं. दुसरं म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर. एक धागा ब्लेडने खरवडला की आतून पांढरट चमकतो. तिचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त, म्हणजे अडीचची म्हणून घेतलेली वायर दीडच्या तांब्याइतकंच काम करते.

आणि फ्यूज. बारा-चोवीस व्होल्टचा झटका बसत नाही म्हणून हा भाग दुर्लक्षिला जातो. मोठा एसएमपीएस मात्र वीस-तीस अँपिअर देऊ शकतो. उंदराने वायर कुरतडून दोन तारा चिकटल्या तर तो बंद पडण्याआधी बारीक वायर लाल होऊ शकते. आवरण पेटतं ते तिथे. म्हणून ड्रायव्हरमधून निघणाऱ्या प्रत्येक वायरीला सुरुवातीलाच वेगळा फ्यूज असावा. आपल्या चोवीस व्होल्टच्या दोन अँपिअरसाठी तीन अँपिअरचा पुरे. फाटकापाशी सांधा टेपने न गुंडाळता डाख देऊन, आत गोंद असलेल्या हीट-श्रिंक नळीत बंद करावा. दमट हवेत उघडं तांबं हिरवं पडतं, सांध्याचा रोध वाढतो, आणि जाड वायर घालून वाचवलेले व्होल्ट त्या एका सांध्यात जातात. पावसाळा संपला की वर सांगितलेल्या तीन जागी पुन्हा मोजून आकडे ड्रायव्हरच्या झाकणावर लिहून ठेवले, तर पुढच्या वर्षी सांधा खराब होऊ लागल्याचं उजेड कमी व्हायच्या आधीच कळतं.