मार्गे वाई की मार्गे मेढा?

साताऱ्याच्या एसटी स्थानकातून महाबळेश्वरला जायला दोन रस्ते आहेत. एक वाई-पाचगणीवरून जातो, दुसरा मेढा-केळघरवरून. दोन्ही गाड्यांच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत महाबळेश्वरच लिहिलेलं असतं. पाचगणीला उतरायचं असेल आणि माणूस मेढ्याच्या गाडीत बसला, तर तो थेट महाबळेश्वरला पोहोचतो. मग तिथून दुसरी गाडी धरून वीसेक किलोमीटर मागं यायचं. नव्यानं वाचायला शिकलेल्या माणसाला गावाचं नाव वाचता येतं, पण शेजारचा 'मार्गे'चा रकाना बारीक अक्षरांत असल्यानं तो सुटतो. म्हणून वेळापत्रकासमोर उभं राहिल्यावर गावाचं नाव सापडलं की बोट तिथून हलवू नये. त्याच ओळीत आडवं सरकवत न्यावं, आधी मार्गे आणि मग वेळ.

एक उदाहरण करून बघू. समजा, एका बाईंना मुलीच्या वसतिगृहात पाचगणीला दुपारी बाराच्या आत पोहोचायचं आहे. फलकावर अशा ओळी आहेत (वेळा केवळ सरावासाठी घेतल्या आहेत):

महाबळेश्वर – मार्गे वाई – ०८.१५
महाबळेश्वर – मार्गे मेढा – ०९.३०
महाबळेश्वर – मार्गे वाई – ०९.४५
महाबळेश्वर – मार्गे वाई – १३.३०
महाबळेश्वर – मार्गे वाई – १७.४५

आता उत्तर शोधायचं ते शेवटाकडून. बारा वाजता तिथं असायचं. गाडीला किती वेळ लागतो, हे स्थानकावरच्या फलकावर बहुतेक वेळा नसतंच. तो आकडा चौकशीच्या खिडकीवर विचारावा लागतो. घाट धरून दोन तास मोजू. म्हणजे साताऱ्यातून दहाच्या आत निघायला हवं. दहाच्या आत तीन ओळी आहेत. त्यातली साडेनऊची मेढ्यावरून जाते, म्हणून बाद. पावणेदहाची चालेल, पण ती चुकली तर पुढची वाईवरून जाणारी गाडी थेट दुपारची आहे. त्यामुळे काम महत्त्वाचं असेल तर सव्वाआठचीच धरलेली बरी.

खरी अडचण येते ती घड्याळात. आपण बोलताना सव्वा, साडे, पावणे म्हणतो, फलकावर त्याचे.१५, .३०, .४५ होतात. सव्वा आणि साडे सोपे आहेत, कारण बोलण्यातला आकडा आणि लिहिलेला आकडा एकच असतो. पावणेला मात्र तो बदलतो. पावणेदहा म्हणताना कानावर दहा पडतात आणि फलकावर नऊ दिसतात. त्यात दुपारनंतर तास तेरा, चौदा असे पुढं मोजलेले. १७.४५ वाचताना कित्येक जण पुढचा १ सोडून देतात आणि पावणेआठ समजतात. गाडी तर पावणेसहालाच गेलेली असते. बारापेक्षा मोठा तास दिसला की त्यातून बारा वजा करायचे: सतरातून बारा गेले, राहिले पाच, पुढं पंचेचाळीस मिनिटं.

मधल्या टिंबानंही फसगत होते. ते पैशाच्या हिशोबातल्यासारखं दिसतं, पण तास साठ मिनिटांचा असतो. १०.४० ला निघून १२.१० ला पोहोचलो तर किती वेळ लागला? १०.४० पासून अकरापर्यंत वीस मिनिटं, अकरा ते बारा एक तास आणि वर दहा मिनिटं. झाला दीड तास. वजाबाकी मांडण्यापेक्षा असं टप्प्याटप्प्यानं मोजलेलं चुकत नाही.

रेल्वेत घड्याळ हेच, पण मध्यरात्र सांभाळावी लागते. मंगळवारच्या तिकिटावर गाडीची वेळ ००.२० असेल, तर ती सोमवारी रात्री बारा वाजून गेल्यावर वीस मिनिटांनी येते. म्हणजे सोमवारचं जेवण करून स्टेशनवर जायचं. मंगळवारी रात्री गेलेल्याला गाडी आदल्याच रात्री निघून गेल्याचं कळतं आणि तिकीट वाया जातं. आठवड्यातून एक-दोनदाच धावणाऱ्या लांबच्या गाड्यांचंही तसंच. वेळापत्रकातला वार बहुधा गाडी जिथून सुटते तिथला असतो. तुमच्या स्टेशनवर ती दुसऱ्या दिवशी पोहोचत असेल.

आणि परतीचं. साताऱ्याच्या फलकावर साताऱ्याहून सुटणाऱ्या गाड्या असतात. पाचगणीहून परत येणारी शेवटची गाडी त्यावर शोधून सापडणार नाही. पाचगणीला उतरल्याबरोबर, कामाला जाण्याआधी, तिथल्या स्थानकावर ती वेळ बघून कागदावर लिहून घ्या. ती गाडी महाबळेश्वरहून येणारी असेल, तर घाटात पाच-दहा मिनिटं पुढंमागं होणारच, म्हणून थोडं आधी जाऊन थांबा. रेल्वेची वेळ घरून निघण्यापूर्वी १३९ या क्रमांकावर फोन करून विचारता येते.