जपानी ऑफिसातलं पहिलं मिनिट

जपानमधल्या बऱ्याच ऑफिसांत आणि कारखान्यांत दिवसाची सुरुवात उभ्या-उभ्या होणाऱ्या छोट्या बैठकीने होते. तिला ‘चोरेइ’ म्हणतात. दिवसाच्या कामाच्या सूचना होतात, आणि कुणी नवीन आलं असेल तर साहेब त्याला पुढे बोलावतात. कॉलेजातून थेट आलेली जपानी मुलं बहुधा १ एप्रिलला एकत्र रुजू होतात, त्यामुळे त्यांना एकमेकांची सोबत असते. पुण्याहून अनुभवी इंजिनिअर म्हणून गेलेली व्यक्ती मात्र वर्षभरात केव्हाही रुजू होते आणि त्या घोळक्यासमोर एकटीच उभी राहते. तिने जे बोलायचं त्याला ‘जिको-शोकाइ’ म्हणतात. अर्ध्या मिनिटापासून एका मिनिटापर्यंत, त्याहून जास्त नाही.

या भाषणाचा साचा ठरलेला आहे, आणि नवख्या माणसाला त्याचाच मोठा आधार असतो. समजा, अदिती कुलकर्णी नावाची मुलगी नागोयाच्या एका कंपनीत रुजू होते आहे. ती म्हणेल: “ओहायो गोझाइमास. क्यो कारा ओसेवा नि नारिमास, इंदो नो पुने कारा माइरिमाशिता, कुरुकारुनि अदिती तो मोशिमास.” म्हणजे, सुप्रभात, आजपासून तुमच्या आधाराने काम करणार आहे, भारतातल्या पुण्याहून आले, माझं नाव कुलकर्णी अदिती. आडनाव आधी आलं, कारण तिथली रीत तशी आहे. ‘आले’ आणि ‘नाव’ यांसाठी तिने स्वतःकडे कमीपणा घेणारी क्रियापदं वापरली. स्वतःच्या नावापुढे ‘सान’ लावलं नाही. ते दुसऱ्यांनी लावायचं असतं.

नावापाशी जरा थांबायला हवं, कारण आपल्या लोकांची खरी अडचण तिथेच होते. जपानीत ‘ल’ आणि ‘र’ वेगळे नाहीत, आणि आपल्यासारखी जोडाक्षरंही फारशी नाहीत. म्हणून कुलकर्णीचं ‘कुरुकारुनि’ होतं, आणि काताकाना लिपीत ते तसंच लिहिलं जातं. त्यातच आपल्याकडच्या पासपोर्टवर पुष्कळदा वडिलांचं किंवा नवऱ्याचं नावही असतं. तिथल्या रहिवासी कार्डावर पासपोर्टवरचंच नाव येतं, त्यामुळे यातल्या कशाने हाक मारायची हे सहकाऱ्यांना कळत नाही. ते चारचौघांत विचारायला संकोचतात आणि मग हाक मारायचंच टाळतात. म्हणून अदितीने पुढचं वाक्य जोडावं: “अदिती तो योंदे कुदासाइ.” मला अदिती म्हणा. माझ्या मते परदेशी माणसाच्या भाषणातलं हे सर्वांत कामाचं वाक्य आहे.

यानंतर एक, फार तर दोन वाक्यं स्वतःबद्दल. आपल्याकडचे लोक इथे पदव्या, विद्यापीठ, आधीच्या कंपन्या आणि प्रकल्पांची यादी सांगू लागतात. ते सगळं मुलाखतीत सांगून झालेलं असतं. चोरेइत ते ऐकायला जड जातं आणि बढाईसारखंही वाटतं. त्याऐवजी, ज्यावरून समोरच्याला पुढे दोन शब्द बोलता येतील असं काही सांगावं. “शुमी वा यामानोबोरी देस,” मला डोंगर चढायला आवडतं, एवढं अदितीने म्हटलं, की जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी जवळचा एखादा डोंगर सुचवण्याची शक्यता असते. शाकाहारी असाल तर तेही इथेच सांगून टाका. नव्या माणसासाठी पुष्कळदा ‘कांगेइकाइ’ म्हणजे स्वागताचं जेवण ठेवतात, आणि जपानी स्वयंपाकात माशाचं पाणी कुठे-कुठे असतं ते ताट समोर आल्यावर सांगणं दोन्ही बाजूंना अवघड जातं.

शेवट ठरलेला आहे. “निहोंगो वा मादा बेंक्योच्यू देस गा, गांबारिमास. दोझो योरोशिकु ओनेगाइ इताशिमास.” जपानी अजून शिकते आहे, पण मनापासून प्रयत्न करीन, सांभाळून घ्या. मग वाकून नमस्कार. इथे घाईत एक गोष्ट हमखास बिघडते. वाक्य बोलता-बोलताच माणूस वाकतो, आवाज जमिनीकडे जातो आणि शेवटचे शब्द कुणाला ऐकू येत नाहीत. आधी समोर बघत वाक्य पूर्ण करा, मग कमरेतून साधारण ३० अंश वाका, खाली क्षणभर थांबा आणि सावकाश वर या. पाठ सरळ हवी. नुसती मान झुकवू नका.

टाळ्या सगळ्यांनाच मिळतात, त्यामुळे त्यांवरून भाषण कसं झालं ते कळत नाही. दुपारपर्यंत कुणी तुम्हाला तुमच्या नावाने हाक मारली किंवा डोंगरांबद्दल विचारलं, तर ते पोचलं असं समजा. त्याच दिवशी दुसऱ्या विभागांत ओळख करून द्यायला नेलं, तर हेच सगळं पुन्हा म्हणावं लागतं. म्हणून कागद हातात धरायची वेळ येऊ देऊ नका. निघण्यापूर्वी हे मिनिट एखाद्या जपानी शिक्षकासमोर उभं राहून मोठ्याने म्हणा, आणि आपलं नाव काताकानात कसं लिहायचं ते त्यांच्याकडून तपासून घ्या.