जवळची प्रतिमा, लांब भासणारी गाडी

मोटारीच्या बाहेरच्या आरशावर पुष्कळदा इंग्रजीत एक ओळ लिहिलेली असते: आरशातल्या वस्तू दिसतात त्यापेक्षा जवळ आहेत. ओळ खरी आहे, पण किती जवळ, हे ती सांगत नाही. लेन बदलताना तर नेमकं तेच कळायला हवं, आणि शाळेतल्या प्रकाशाच्या धड्यातलं गणित तेवढ्याला पुरतं.

बाहेरचा आरसा सहसा बहिर्वक्र, म्हणजे किंचित फुगीर असतो. फुगीरपणा हाताला जाणवणारही नाही इतका थोडा. ती काच एखाद्या प्रचंड गोळ्याचा तुकडा आहे असं मानलं, तर त्या गोळ्याची त्रिज्या साधारण 1.2 मीटर भरेल. युरोपीय नियमांत मोटारीच्या मुख्य बाहेरच्या आरशासाठी हीच किमान मर्यादा आहे. आता आपला चालक उजवीकडे बसला आहे, डावा आरसा त्याच्या डोळ्यांपासून 1.2 मीटरवर आहे आणि काचेची रुंदी 17 सेंटिमीटर आहे असं धरू. हिशोब सोपा राहावा म्हणून आरसा डोळ्यासमोर सरळ आहे असंही मानू. प्रत्यक्षात तो तिरपा असतो, त्यामुळे आकडे थोडे बदलतात.

आरसा सपाट असता तर चालकाला मागचा जेमतेम 8 अंशांचा पट्टा दिसला असता. फुगीर काचेची कड मात्र मधल्या भागापेक्षा सुमारे 4 अंशांनी बाहेर वळलेली असते. काच जितकी वळते त्याच्या दुप्पट परावर्तित किरण वळतो, म्हणून प्रत्येक कडेला 8 अंशांची भर पडते. दोन्ही कडांचे 16 आणि मूळचे 8 मिळून 24 अंश. वीस मीटर मागे सपाट आरशात 3 मीटर रुंदीचा रस्ता मावला असता, म्हणजे एक लेनही पुरी नाही. फुगीर आरशात साडेआठ मीटर मावतो. शेजारची लेन आणि तिच्या पलीकडचं बरंच काही एका नजरेत येतं.

पण काच तेवढीच आहे. तिप्पट रस्ता तेवढ्याच काचेत बसवायचा, तर त्यातली प्रत्येक गोष्ट एक तृतीयांश व्हायलाच हवी.

मागे 20 मीटरवर 1.7 मीटर रुंदीची गाडी आहे. तिची प्रतिमा काचेच्या मागे फक्त 58 सेंटिमीटरवर तयार होते आणि ती जेमतेम 5 सेंटिमीटर रुंद असते. म्हणजे प्रकाशशास्त्राच्या हिशोबानं प्रतिमा सपाट आरशातल्यापेक्षा कितीतरी जवळ आहे; तिथे ती काचेच्या मागे पूर्ण 20 मीटरवर असती. तरीही गाडी लांब वाटते, याचं कारण आपला मेंदू. गाडी केवढी असते हे त्याला अनुभवानं पक्कं ठाऊक आहे. ती इतकी लहान दिसतेय म्हणजे लांबच असणार, असा निष्कर्ष तो काढतो. इथे ती जेवढी लहान दिसते, तेवढी सपाट आरशात 60 मीटरवरची गाडी दिसली असती. मागची गाडी आपल्यापेक्षा तासाला 30 किलोमीटर जास्त वेगानं येत असेल, तर आकारावरून सात सेकंद हाताशी आहेत असं वाटतं. प्रत्यक्षात ती अडीच सेकंदांच्या आत बाजूला येऊन ठेपते.

ही तिप्पट एकट्या आरशाची नाही, डोळ्याच्या अंतराचीही आहे. उजवा आरसा तसाच फुगीर असला तरी तो डोळ्यांपासून साधारण 60 सेंटिमीटरवर असतो, त्यामुळे तिथे फरक दुपटीचाच पडतो. एकच गाडी एकाच अंतरावर डाव्या आरशात अधिक लांब भासते, आणि डावीकडे वळताना आपण भिस्त ठेवतो ती डाव्यावरच. अमेरिकेत चालक डावीकडे बसतो; तिथल्या नियमानं चालकाच्या बाजूचा आरसा सपाट हवा. पलीकडचा फुगीर चालतो, पण त्याची त्रिज्या 889 ते 1651 मिलिमीटरच्या दरम्यान असावी लागते आणि त्यावर ती इशाऱ्याची ओळ सक्तीची आहे.

फरक स्वतः पाहायचा असेल तर उभ्या गाडीत बसून बाहेरच्या आरशाच्या शेजारी कुणाला तरी साधा सपाट आरसा धरायला सांगावा आणि मागे उभी असलेली एकच गाडी दोन्हींत पाहावी. चालत्या गाडीत हेच काम आतला आरसा करतो, कारण तो सपाट असतो. शेजारच्या लेनमध्ये कुणी आहे का, हे बाहेरच्या आरशाला विचारावं. ती गाडी आतल्या आरशातही दिसत असेल, तर अंतर त्यातल्या आकारावरून ठरवावं. ती आतल्यात दिसतच नसेल, तर बहुधा ती इतकी जवळ आली आहे की लेन बदलूच नये.

बाहेरच्या आरशाच्या कोपऱ्यात चिकटवायचे छोटे गोल आरसे याच हिशोबाचं टोक आहेत. त्यांतल्या एखाद्याची त्रिज्या 30 सेंटिमीटर असेल, तर डाव्या बाजूला सगळं नऊपट लहान दिसतं. नजरेआड राहणारी दुचाकी तो दाखवतो, पण ती किती लांब आहे हे त्यावरून मुळीच ठरवता येत नाही.