हाताला आलेलं काम कागदावर

तिच्यासाठी पहिलं शिफारसपत्र मी पाच मिनिटांत लिहिलं. सहा वर्षं माझ्या दवाखान्यात कामाला होती, मेहनती आहे, प्रामाणिक आहे, वेळेची पक्की आहे, माझ्या गैरहजेरीतही दवाखाना समर्थपणे सांभाळते, पुढील वाटचालीस शुभेच्छा. खाली सही आणि शिक्का. तिने कागद हातात घेतला, सावकाश वाचला आणि म्हणाली, "मॅडम, यात मी काय काम करते ते कुठे लिहिलंय?"

तिच्या नवऱ्याची बदली पुण्याला झाली होती. तिथल्या तीन खुर्च्यांच्या एका दवाखान्यात डेंटल असिस्टंटची जागा होती आणि तिथल्या डॉक्टरांनी आधीच्या ठिकाणचं पत्र मागितलं होतं. ती बारावी झालेली. माझ्याकडे आली ती झाडलोट करायला आणि पेशंटची नावं लिहून घ्यायला. पुढचं सगळं ती माझ्या शेजारी उभं राहून शिकली. आमच्यासारख्या तालुक्याच्या गावात मला माहीत असलेल्या बहुतेक असिस्टंट अशाच तयार झाल्या आहेत. पेशंट त्यांना 'सिस्टर' म्हणतात, पण नर्सिंग त्यांनी शिकलेलं नसतं. १९४८च्या डेंटिस्ट्स ॲक्टने दंतवैद्यांबरोबर डेंटल हायजिनिस्ट आणि डेंटल मेकॅनिक यांच्या नोंदण्या ठेवल्या, मात्र खुर्चीशेजारी उभं राहून सक्शन धरणाऱ्या बाईची नोंद त्यात नव्हती. कोर्स आहेत, पण तिने कुठला केलेला नाही. म्हणजे नव्या डॉक्टरांपुढे ठेवायला तिच्याकडे एवढा एकच कागद, आणि त्यात मी तिचा स्वभाव लिहून ठेवला होता.

स्वभावाचं एक वेळ चालून गेलं असतं. खरी घोडचूक पुढच्या वाक्यात होती. 'माझ्या गैरहजेरीतही दवाखाना सांभाळते' हे मी कौतुकाने लिहिलं. जाणत्या डॉक्टरने ते वाचलं तर त्याच्या मनात पहिला प्रश्न येईल, सांभाळते म्हणजे काय करते? डॉक्टर नसताना दात साफ करून देते? तात्पुरतं सिमेंट भरते? दाताचा इलाज करण्याचा अधिकार नोंदणी असलेल्या डॉक्टरलाच आहे. माझ्याकडे ती असलं काही करत नव्हती, मी बाहेर असले की फोन घ्यायची आणि अपॉइंटमेंट बदलून द्यायची. पण माझ्या वाक्यातून ते कळत नव्हतं. शिवाय असं वाक्य घेऊन गेलेल्या मुलीकडून नवीन ठिकाणी तेच काम मागितलं जाण्याची भीती असते.

म्हणून त्या रात्री मी दुसरं पत्र लिहायला बसले. मराठीतच लिहिलं, कारण त्यातल्या प्रत्येक ओळीवर तिला प्रश्न विचारले जाणार होते. पत्रात काय आहे ते तिला स्वतःला वाचता आणि समजावून सांगता आलं पाहिजे.

सुरुवात निर्जंतुकीकरणापासून केली, कारण नवा डॉक्टर आधी तेच विचारणार. 'ऑटोक्लेव्ह चालवते' एवढं लिहून काही कळत नाही, बटण कुणालाही दाबता येतं. मी लिहिलं की वापरलेली इन्स्ट्रुमेंट्स ती जाड ग्लोव्हज घालून धुते, अल्ट्रासॉनिकमधून काढते, पूर्ण कोरडी करते आणि मगच पाकिटात भरते. दात धरायचे चिमटे ती उघडे ठेवून पॅक करते, म्हणजे वाफ बिजागरीपर्यंत पोचते. आमच्या मशिनवर १२१ अंश सेल्सिअस तापमानाला पाकिटबंद इन्स्ट्रुमेंट्सना ३० मिनिटं द्यावी लागतात, आणि ही ३० मिनिटं ती तापमान गाठल्यापासून मोजते. नवीन माणूस हमखास इथे चुकतो. मशिन सुरू केलं की तो घड्याळ बघतो, आणि गरम व्हायला लागलेला वेळही त्या तीसात धरतो.

त्याखाली एका दिवसाची हकिगत लिहिली. बाजाराचा दिवस होता, दवाखाना भरलेला. वेळ वाचवायला मी दोन खेपांचा माल एकाच खेपेत कोंबला, पाकिटांवर पाकिटं आडवी रचली. खेप संपली, पाकिटांवरच्या खुणेचा रंगही बदलला होता. दात काढायचा सेट मागितला तर ती म्हणाली, "मॅडम, पाकिटं ओली आहेत." मी म्हटलं, "अगं, रंग तर आलाय." ती म्हणाली, "रंग आलाय, पण कागद ओला आहे. तुम्हीच सांगितलं होतं, ओलं वापरायचं नाही."

तिचंच बरोबर होतं. बाहेरच्या खुणेचा रंग बदलला याचा अर्थ पाकीट उष्णतेत जाऊन आलं, एवढाच. आत जंतू मेले की नाही हे त्यावरून ठरत नाही. त्यासाठी बीजाणूंची चाचणी असते, उष्णतेला सहज न मरणारे जंतू मुद्दाम मशिनमध्ये ठेवून ते मेले का हे पाहतात. आणि पाकीट ओलं निघालं की आतला माल सुरक्षित धरताच येत नाही, कारण ओल्या कागदातून हातावरचे, फळीवरचे जंतू आत शिरतात. तिने सगळी पाकिटं बाजूला काढली, इन्स्ट्रुमेंट्स नव्या पाकिटांत भरली, दोन खेपा वेगवेगळ्या, पाकिटं उभी ठेवून लावल्या. दोन पेशंटना तासाभराहून जास्त थांबावं लागलं. त्यातले एक आजोबा फार चिडले, त्यांच्याशी तीच बोलली. पत्रात हे सगळं चार ओळींत बसलं.

यानंतर जे लिहायचं होतं त्याने मला बराच वेळ अडवलं. कामावर शिकलेल्या माणसाचं ज्ञान जागेला चिकटलेलं असतं. तिला आमच्या दवाखान्यातली प्रत्येक वस्तू ठाऊक आहे, पण कशी? 'वरून दुसऱ्या खणातली निळी डबी' अशी. कंपनी बदलली आणि डबी हिरवी आली की ती थांबते, विचारते. सिमेंटची पावडर आणि पाणी किती घ्यायचं ते तिला आमच्या चमच्याच्या मापात माहीत आहे. दाताचं माप घ्यायचा अल्जिनेट मे महिन्यात भराभर आवळतो म्हणून ती गार पाणी वापरते, आणि डबा आधी हलवून घेते म्हणजे खाली बसलेली पावडर सारखी होते. हे ज्ञान पुण्यालाही तिच्याबरोबर जाईल. खणांचा क्रम आणि डब्यांचे रंग मात्र आमच्याच दवाखान्यात राहतील.

यात धोका कुठे आहे हे ज्याने रूट कॅनल केलं आहे त्याला लगेच कळेल. दाताची नळी धुवायला सोडियम हायपोक्लोराइट लागतं, घरच्या ब्लीचच्याच जातीचं. ते भरलेली सिरिंज, सलाइन भरलेली सिरिंज आणि भुलीच्या औषधाची सिरिंज ट्रेमध्ये शेजारी शेजारी असतात आणि तिन्हींतलं पाणी सारखंच दिसतं. भूल म्हणून हायपोक्लोराइट हिरडीत टोचलं गेलं तर असह्य वेदना, सूज, आतलं मांस जळणं, इथपर्यंत जातं. आमच्याकडे ती प्रत्येक सिरिंजवर भरतानाच चिकटपट्टी लावून नाव लिहिते आणि नाव नसलेली सिरिंज ओतून टाकते. ही सवय ती नेईल. पण नव्या ट्रेवर कुठे काय ठेवतात हे तिला दाखवावं लागेल. म्हणून मी लिहिलं: 'पहिले दोन आठवडे तिला आपल्या दवाखान्यातल्या वस्तूंची नावं आणि जागा दाखवाव्यात, आणि त्यानंतरच खुर्चीशेजारी एकटी उभी करावी. एकदा दाखवलेलं ती विसरत नाही. इंग्रजी लेबल सावकाश वाचते, घाई केली तर अंदाज करत नाही, विचारते.'

हे लिहिताना हात थबकला. शिफारसपत्रात उणीव लिहून मी तिचं नुकसान तर करत नाही ना? सकाळी तिलाच वाचून दाखवलं. ती म्हणाली, "लिहा मॅडम. नाहीतर पहिल्याच दिवशी मला सगळं येतं असं धरतील."

काय करत नाही तेही सरळ लिहिलं. भूल देत नाही, स्केलिंग करत नाही, पेशंटच्या तोंडात माप ती घेत नाही, ती मला अल्जिनेट कालवून देते आणि माप आलं की ओल्या कापडात गुंडाळून लगेच प्लास्टर ओतते. एक्स-रेसाठी पेशंटला बसवून लेड एप्रन घालते, बटण मी दाबते. सक्शन धरताना जीभ आणि गाल बाजूला ठेवते, आणि पेशंटने मूठ आवळलेली तिला माझ्याआधी दिसते.

आणखी एक गोष्ट लिहायला मला जड गेली. तिच्या पहिल्याच वर्षी ट्रे आवरताना तिला वापरलेली सुई टोचली. टोपण बसवायला ती सुई मीच तशी ठेवून दिली होती, आणि तोवर तिची हिपॅटायटिस बीची लसही मी करून घेतलेली नव्हती. कामावर घेतानाच ती द्यायला हवी होती. तिने हात साबणाने आणि वाहत्या पाण्याने धुतला, बोट पिळत बसली नाही, आणि लगेच मला सांगितलं. लपवलं नाही, हे महत्त्वाचं, कारण पुढच्या तपासण्या आणि औषधं वेळेत झाली तरच उपयोगाची. पेशंटचं आणि तिचं रक्त तपासलं, सुदैवाने दोन्ही ठीक निघालं. पुढे शून्य, एक आणि सहा महिने असे लसीचे तिन्ही डोस झाले. तेव्हापासून सुई मी स्वतः लगेच नष्ट करते, ट्रेवर ठेवत नाही. डोसच्या तारखा पत्रात घातल्या, कारण नव्या डॉक्टरांना त्या लागतीलच.

बाकीचं झटपट झालं. लेटरहेडवर माझा नोंदणी क्रमांक होताच. कामावर लागल्याची आणि सोडल्याची तारीख घातली, पहिले आठ महिने फक्त स्वागत आणि सफाई, त्यानंतर खुर्चीशेजारी, असं वेगळं लिहिलं. २०२०च्या लॉकडाउनमध्ये दवाखाना बंद होता ते महिने वगळले. कारण लिहिलं, नवऱ्याची बदली. शेवटी माझा फोन नंबर दिला. आधीचं चार ओळींचं पत्रही फुकट गेलं नाही. 'गैरहजेरीत सांभाळते' ते वाक्य काढून टाकलं आणि त्याचा नुसता अनुभवाचा दाखला केला, तारखांपुरता. बँकेत किंवा सरकारी कामात तेवढाच लागतो.

दहा दिवसांनी पुण्याहून फोन आला. त्या डॉक्टरांनी तिच्या स्वभावाबद्दल काहीच विचारलं नाही. विचारलं ते ओल्या पाकिटांबद्दल. म्हणाले, "मुलाखतीत मी मुद्दाम म्हणालो, रंग बदलला की झालं ना? तर म्हणाली, नाही सर, आधी हात लावून बघायचं. हे तुम्ही शिकवलं की पत्रात आहे म्हणून पाठ केलं?" मी त्यांना त्या बाजाराच्या दिवसाची सगळी हकिगत सांगितली. मग त्यांनी विचारलं, खणांवर मराठीत नावं चिकटवली तर चालेल का तिला? मी म्हटलं, चालेल, पण शेजारी इंग्रजी नावही लिहा, म्हणजे महिन्याभरात तेही वाचेल.