डिजिलॉकरमधला नॉमिनी: पाहू शकतो, काढू शकत नाही

डिजिलॉकरमध्ये कागद दोन वाटांनी येतात. ‘इश्यूड’ कागद थेट सरकारी खात्याकडून किंवा विमा कंपनीकडून येतात आणि त्यांना कायद्याने मूळ कागदाइतकीच मान्यता आहे. घरी स्कॅन करून चढवलेलं खरेदीखत मात्र ‘अपलोडेड’ राहतं. ती निव्वळ प्रत, म्हणून मूळ दस्त कपाटात हवाच.

घरच्यांसाठी खरी मोलाची सोय नॉमिनीची आहे. समजा, वडिलांनी मुलीला नॉमिनी नेमलं. ते हयात असताना तिला आतलं काहीच दिसत नाही. सेबीने १ एप्रिल २०२५ पासून आणलेल्या व्यवस्थेत, वडील गेल्याची नोंद झाली की डिजिलॉकर तिला कळवतं. मग तिला त्यांचे डीमॅट आणि म्युच्युअल फंडांचे तपशील पाहता येतात.

पाहता येतात, एवढंच! पैसे मिळवायला त्या त्या संस्थेकडे रीतसर दावा करावा लागतो. डिजिलॉकरचा नॉमिनी आणि पॉलिसीवरचा नॉमिनी या दोन वेगळ्या नोंदी आहेत; एक केली म्हणून दुसरी आपोआप होत नाही.

हयातीत नॉमिनीला काहीच दिसत नाही, म्हणून इमर्जन्सीत लगेच लागणारी आरोग्य विम्याची पॉलिसी जोडीदाराच्या फोनमध्येही ठेवा. ओटीपी आणि पिन मात्र कुणालाच सांगू नका.